स्नेहसंमेलनाचं पत्र आणि 'नाही' म्हणायची सोय

दिवाळीची सुट्टी संपून शाळा सुरू झाली की आठवड्याभरात स्नेहसंमेलनाची गडबड सुरू होते. वर्गाला नाच ठरतो, गाणं ठरतं, आणि मग वर्गशिक्षिकेला पालकांना एक पत्र पाठवायचं असतं: मदतीला या, जमेल तसा हातभार लावा. त्या पत्राच्या शेवटी 'ही मदत ऐच्छिक आहे' असं बहुतेक ठिकाणी लिहिलेलं असतं. लिहिणाऱ्या बाईंच्या मनातही तसंच असतं, याबद्दल मला शंका नाही. तरीही पत्र घरी पोचेपर्यंत त्या ऐच्छिक मदतीची सक्ती झालेली असते.

कारण सक्ती पत्रातल्या भाषेत नसते. उत्तर कुणाच्या हातून जातं, ते किती जणांसमोर द्यावं लागतं आणि दिलं नाही तर मुलाच्या वाट्याला काय येतं, यात ती असते. म्हणून वर्षानुवर्षं वर्ग सांभाळल्यावर माझं मत असं झालं आहे की पत्र गोड लिहिण्यात फार वेळ घालवू नये. तो वेळ, 'नाही' म्हणणाऱ्या पालकाला कुणाच्याही नजरेस न पडता 'नाही' कसं म्हणता येईल, याची व्यवस्था लावण्यात घालवावा. ती व्यवस्था लागली की पत्र साधं असलं तरी चालतं.

हल्ली सगळ्यात जास्त दबाव वर्गाच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर तयार होतो. बाई पत्राचा फोटो टाकतात. पाच मिनिटांत एक उत्साही आई '१. अमुकची आई – ५००' असं लिहून हात जोडल्याची खूण टाकते. दुसरी तीच यादी कॉपी करून खाली स्वतःचं नाव जोडते. रात्रीपर्यंत यादीत १५ नावं होतात, दुसऱ्या दिवशी दुपारपर्यंत ३०. बाईंनी रक्कम सांगितलेलीच नसते, पण पहिल्या आकड्याने ती ठरून गेलेली असते. आता २०० देऊ शकणारा पालक २०० लिहीत नाही. तो एक तर ओढाताण करून ५०० लिहितो किंवा गप्प बसतो. आणि ४२ मुलांच्या वर्गात ३० नावं लागली की उरलेली १२ कोणती, हे यादीत न लिहिताही सगळ्यांना कळतं. यावर उपाय अगदी सोपा आहे. पत्र टाकण्याआधी ग्रुपवर फक्त अ‍ॅडमिनच लिहू शकतील अशी सेटिंग करायची आणि उत्तर ग्रुपवर द्यायचं नाही हे पत्राच्या पहिल्या काही ओळींतच सांगायचं.

दुसरी जागा म्हणजे वर्ग. हजेरी घेताना 'कुणाचे पैसे राहिलेत, हात वर करा' असं विचारलं की मूल घरी जाऊन आईला सांगतं, 'बाईंनी उद्याच आणायला सांगितलंय.' बाईंनी तसं सांगितलेलं नसतं, पण आठ-नऊ वर्षांच्या मुलाला वर्गात हात वर करावा लागला, की त्याने तेच ऐकलेलं असतं. एका वर्षी एक आई शाळा सुटल्यावर व्हरांड्यात थांबली होती. चार घरची धुणीभांडी करून ती येते, हे मला माहीत होतं. मुलगी शेजारीच उभी, दप्तराच्या पट्ट्याशी चाळा करत. आई म्हणाली, 'बाई, ड्रेसचे पैसे दोनदा करून दिले तर चालतील का? पहिली तारीख झाली की लगेच देते.' तिने पैसे दिले असते, त्यात प्रश्नच नव्हता. पण तिला ते विचारायला मुलीसमोर उभं राहावं लागलं, आणि मुलीने ते सगळं ऐकलं.

हा प्रसंग मला महत्त्वाचा वाटतो तो यासाठी, की पत्रांमध्ये एक वाक्य आपण मोठ्या दयाळूपणे घालतो: 'ज्यांना अडचण असेल त्यांनी वर्गशिक्षकांना प्रत्यक्ष भेटावे.' हेच वाक्य सगळ्यात जाचक आहे. ज्याच्याकडे पैसे आहेत त्याने पाकीट पाठवायचं आणि काम संपवायचं. ज्याच्याकडे नाहीत त्याने मजुरीचे दोन तास बुडवून शाळेत यायचं आणि आपली गरिबी आपल्या तोंडाने सांगायची. सवलत मागावी लागते याचा अर्थ नियम देण्याचा आहे आणि न देणं हा अपवाद आहे. तो अपवादही बाईंच्या मर्जीवर! हे वाक्य पत्रातून कायमचं काढून टाकलं पाहिजे. त्याच्या जागी एवढंच लिहावं की न देण्याचं कारण कळवायची गरज नाही.

पण हे लिहिता येण्यासाठी खर्चाचा हिशोब आधी वेगळ्या तऱ्हेने मांडावा लागतो. चौथीचा एक वर्ग घेऊ, ४२ मुलांचा. वर्गाने कोळीनृत्य ठरवलं आणि ड्रेसवाल्याकडून भाड्याने पोशाख आणायचे ठरले. एका पोशाखाचं भाडं ३०० रुपये धरलं तर १२,६०० रुपये झाले. वर अनामत, आणि डाग पडला किंवा बटण तुटलं तर त्यातून कापून घेणार. हे पैसे जमल्याशिवाय नाचच उभा राहत नाही, आणि ज्याने पोशाखाचे पैसे दिले नाहीत ते मूल रंगमंचावर जाऊ शकत नाही. अशा खर्चाला ऐच्छिक म्हणण्यात अर्थ नाही. ती फीच झाली, फक्त पावती नसलेली.

कायद्याचीही इथे आठवण ठेवावी. शिक्षण हक्क कायदा, २००९ च्या कलम ३ प्रमाणे सहा ते चौदा वयाच्या मुलावर त्याचं प्राथमिक शिक्षण अडेल असा कोणताही आकार किंवा खर्च टाकता येत नाही. याच कायद्याखाली खाजगी विनाअनुदानित शाळांत पहिल्या प्रवेशाच्या वर्गात किमान २५ टक्के जागा वंचित आणि दुर्बल घटकांतल्या मुलांसाठी असतात. ही मुलं वर्गात नेमकी कोणती हे इतर पालकांना कळू नये म्हणून आपण वर्षभर जपतो, आणि डिसेंबरात पोशाखाच्या पैशांची यादी लावून ते एका दिवसात उघड करतो. महाराष्ट्राच्या २०११ च्या शुल्क विनियमन कायद्यानेही मंजूर झालेल्या शुल्काहून जास्त वसुलीला मनाई केली आहे. अनुदानित शाळा जे सत्र शुल्क घेतात त्यात खेळ, स्नेहसंमेलन अशा उपक्रमांचा खर्च धरलेला असतो. म्हणजे पालकांनी एकदा दिलेलं आहे. पत्र लिहिण्याआधी मुख्याध्यापकांना सरळ विचारावं: यंदा वर्गाला शाळेकडून किती मिळणार?

समजा, शाळेकडून वर्गाला २,००० रुपये मिळाले. मग कार्यक्रम त्या २,००० मध्ये उभा राहील असाच ठरवायचा. त्याच ४२ मुलांचं लेझीम बसवता येतं. लेझमी शाळेत असतात. पोशाख म्हणून पी.टी.चा पांढरा गणवेश, जो प्रत्येकाकडे आहेच. कमरेला बांधायला शेला: घाऊक बाजारातून कापड आणून कापला तर ४० रुपयाला एक पडतो, म्हणजे १,६८० रुपये. उरलेल्या ३२० मध्ये पिना, रबरबँड, रिबिनी. शेले शाळेतच ठेवायचे, पुढच्या वर्षी उपयोगी पडतात. आकडे गावागावांत बदलतील, पण रीत बदलत नाही: सगळ्या मुलांना रंगमंचावर उभं करणारा खर्च पालकांच्या मदतीवर अवलंबून ठेवायचा नाही. मदत मागायची ती त्याच्यावरच्या गोष्टींसाठी. या वर्गात त्या अशा: मागच्या पडद्यासाठी कार्डशीट आणि रंग ९०० रुपये, रंगभूषेचं सामान ७००, कार्यक्रमानंतर मुलांना खाऊ २५ रुपयांप्रमाणे १,०५०, आणि जमलं तर प्रत्यक्ष वाजवायला दोन हलगीवाले, २,५०० रुपये. एकूण ५,१५०. हलगीवाले नाही आले तर ध्वनिमुद्रित ठेका आहेच. लेझीम थांबत नाही.

हे झाल्यावर मग पत्र. मी ते साधारण असं लिहीन:

'पालकांना सस्नेह नमस्कार.

शनिवार, १७ जानेवारीला आपल्या शाळेचं स्नेहसंमेलन आहे. चौथी ब ची सगळी मुलं लेझीम सादर करणार आहेत. त्यासाठी कुणीही काहीही पैसे भरायचे नाहीत आणि काही विकत किंवा भाड्याने आणायचं नाही. मुलांनी पी.टी.चा गणवेश घालून यावं, शेला शाळा देईल.

पडदा, रंगभूषा, खाऊ आणि जमल्यास हलगीवादक यासाठी सुमारे ५,१५० रुपये खर्च येईल. यात हातभार लावावा असं वाटलं तर कोणतीही रक्कम चालेल. पैसे कमी जमले तर यादीतल्या शेवटच्या गोष्टीपासून आम्ही एकेक गोष्ट कमी करू. मुलांच्या सहभागावर परिणाम होणार नाही.

सोबत एक पाकीट आहे. सर्वांनी ते बंद करून, पैसे घालून किंवा तसंच रिकामं, १२ डिसेंबरपर्यंत ऑफिसबाहेरच्या पेटीत टाकावं. पाकिटावर नाव लिहू नये. पावती हवी असेल तर आत चिठ्ठीवर नाव लिहावं. ती नावं ऑफिसकडेच राहतील. कृपया ग्रुपवर किंवा मुलांकडे याबद्दल काही कळवू नये. न देण्याचं कारण सांगायची गरज नाही.

कार्यक्रमाच्या दिवशी काही कामांना माणसं हवी आहेत. कामं आणि वेळा मागच्या बाजूला आहेत. ज्यांना जमेल त्यांनी मला मेसेज करावा. कुणालाही फोन करून विचारलं जाणार नाही.

आपली, वर्गशिक्षिका.'

यात काही गोष्टी मुद्दाम केल्या आहेत. पैसे भरायचे नाहीत हे वाक्य मदतीच्या विनंतीआधी आलं आहे, कारण घाईत वाचणारा पालक पहिल्या परिच्छेदापलीकडे जात नाही. तारीख १२ ठेवली आहे, कारण महिन्याच्या शेवटी मागितलं तर महिन्याच्या पगारावर जगणाऱ्या घराला देण्याची इच्छा असूनही देता येत नाही. पाकीट सर्वांकडून परत यायचं आहे, कारण फक्त देणाऱ्यांनीच पाकीट आणायचं म्हटलं की न आणणारे दिसतात. रिकामं पाकीट पेटीत पडताना भरलेल्यासारखंच दिसतं. ते मुलाच्या हातून आलं तरी फरक पडत नाही.

या पद्धतीची एक अडचण आहे. नाव गुप्त ठेवायचं आणि हिशोब चोख ठेवायचा, या दोन गोष्टी एकमेकींना अडवतात. बिननावाच्या पैशाचा हिशोब कसा द्यायचा? त्यासाठी पाकिटं वर्गात उघडायची नाहीत. ऑफिसमध्ये लिपिक आणि शिक्षक-पालक संघाचे दोन सदस्य यांच्यासमोर ती उघडायची, एकूण रक्कम लिहून तिघांनी सही करायची आणि त्या रकमेची वर्गाच्या नावाने एकच पावती फाडायची. ज्यांनी चिठ्ठी घातली त्यांना वेगळी. वर्गशिक्षिकेने ही नावं पाहू नयेत. कुणी किती दिलं हे कळल्यावर त्याचा वागण्यावर काहीच परिणाम होत नाही, असं स्वतःबद्दल कुणी खात्रीने सांगू शकेल असं मला वाटत नाही. कुणाला मोबाइलवरून पैसे पाठवायचे असतील तर शाळेच्या खात्याचा क्यूआर कोड द्यावा. शिक्षिकेच्या खाजगी नंबरावर एक रुपयाही घेऊ नये. उद्या कुणी शंका काढली तर तिच्याकडे दाखवायला काहीच नसतं.

वेळेची मदत मागताना हाच विचार थोडा वेगळ्या तऱ्हेने करावा लागतो. 'आई घरीच असते ना, मग ती येईल' असं आपण सहज धरून चालतो. घरी असणाऱ्या आईला लहान बाळ असतं, अंथरुणावरचे सासरे असतात. रोजंदारीवरच्या बापाचा अर्धा दिवस म्हणजे अर्धी मजुरी. म्हणून 'मदतीला या' असं मोघम न लिहिता कामं नेमकी लिहावीत: सकाळी आठ ते साडेनऊ, मुलींच्या वेण्या घालायला तीन आया, साडेनऊ ते अकरा, विंगेत रांग लावून मुलांना उभं करायला दोन जण, डबे आणि दप्तरं राखायला एक, कार्यक्रम संपल्यावर रिक्षा येईपर्यंत मुलांजवळ थांबायला दोन. घरबसल्या करता येतील अशीही कामं द्यावीत. शेल्यांच्या कडा शिवून देणं, कार्डशीट कापणं, गाण्याचा ट्रॅक कापून चार मिनिटांचा करणं. रात्रपाळी करणाऱ्या एका बापाने असा ट्रॅक घरी बसून तयार करून दिल्याचं मला आठवतं. विंगेतल्या कामाला तो कधीच येऊ शकला नसता. कपडे बदलण्याच्या खोलीत मात्र पालकांना नेमू नये. तिथे शिक्षिका आणि सेविकाच असाव्यात, आणि हे यादीतच लिहावं, म्हणजे ऐन वेळी वाद होत नाही.

एक चूक सद्भावनेने होते: 'पैसे जमत नसतील तर श्रमदान करा.' असं म्हटलं की मदतीला आलेली आई सगळ्यांच्या नजरेत पैसे न देणारी ठरते. दोन्ही विनंत्या वेगवेगळ्या ठेवाव्यात, एकीच्या बदल्यात दुसरी मागू नये. कार्यक्रमातही तेच. मदत करणाऱ्या पालकांना व्यासपीठावर बोलावून गुलाब देणं, देणगी देणाऱ्यांना पुढच्या रांगेत बसवणं, मदतीला आलेल्या आईच्या मुलाला नाचात मधोमध उभं करणं, या सगळ्यांतून पुढच्या वर्षीचा दबाव तयार होतो. आभार मानावेत ते 'चौथी ब च्या सर्व पालकांचे'. मुलांच्या जागा उंचीप्रमाणे लावाव्यात.

आता, सक्ती झाली की नाही हे ओळखायचं कसं? पालक तोंडावर सांगणार नाहीत. ऑफिसमध्ये पाकिटं उघडणाऱ्यांना मात्र ते दिसतं. सगळ्या पाकिटांत ५०० ची एकेकच नोट निघाली तर कुठे तरी आकडा फिरला आहे, हे नक्की. मोकळेपणाने दिलेले पैसे विस्कळीत असतात: कुठे ५०, कुठे १,०००, कुठे दहा-वीसच्या घडी घातलेल्या नोटा, आणि बरीच पाकिटं रिकामी. रिकामी पाकिटं निघाली तर पत्र नीट पोचलं असं मी समजते. दुसरी खूण वर्गात दिसते. उत्साहाने सराव करणारं मूल पत्र गेल्यानंतर अचानक 'मला नाचायचं नाही' म्हणू लागलं, सरावाच्या तासाला त्याचं पोट दुखू लागलं, तर पावलं चुकतात म्हणून ते असं करतंय असं धरून चालू नये. त्याला एकट्याला जवळ घेऊन एवढंच सांगावं की तुझा शेला आलेला आहे, कपाटात ठेवला आहे.

यावर सहकारी शिक्षकांचा नेहमीचा आक्षेप असतो: इतकं मोकळं सोडलं तर कुणी देणारच नाही. मला हा आक्षेप खोटा वाटत नाही. पैसे कमी जमतातच. ५,१५० मागितले तर ३,००० च्या आसपासच जमतील असं धरून चालावं. त्यात पडदा झाला, रंगभूषा झाली, खाऊ झाला, हलगीवाले राहिले. बाजूच्या वर्गाने १२,००० चे पोशाख आणलेले असतात, त्यांचा नाच डोळ्यांत भरतो, आणि आपल्या वर्गातली काही मुलं हिरमुसतात. हे खरं आहे, आणि त्याचं वाईट वाटतं. पण त्याला उत्तर आपल्या वर्गावर दबाव आणणं हे नाही. उत्तर आहे मुख्याध्यापकांच्या टेबलावर: सगळ्या वर्गांसाठी पोशाखाच्या खर्चाची एकच मर्यादा, आणि ती नोव्हेंबरातल्या शिक्षक-पालक संघाच्या बैठकीत ठरवलेली. कायद्याप्रमाणे प्रत्येक पालक या संघाचा सदस्य असतो. ज्या शाळांत ही मर्यादा ठरते तिथे वर्गावर्गांतली चढाओढ कमी होते आणि वर्गशिक्षिकेला एकटीला वाईटपणा घ्यावा लागत नाही.

आठवण द्यायची झाली तर एकदाच द्यावी, सगळ्यांना एकच, आणि त्यात फक्त पाकीट परत करण्याबद्दल लिहावं. 'अजून १,२०० रुपये कमी पडताहेत' असं लिहिलं की ज्याने आधीच जमेल तेवढं दिलंय त्यालाही अपराधी वाटतं. आणि ज्याचं पाकीट आलंच नाही त्याला शोधून काढू नये. ४२ पैकी ३८ आली तरी काम झालं.

कार्यक्रमानंतर आठवड्याच्या आत हिशोब ग्रुपवर टाकावा, नावांशिवाय. जमा किती, शाळेकडून किती, कशावर किती, बिलांचे फोटो, शिल्लक किती. शिल्लक १८० रुपये असली तरी लिहावी आणि तिचं काय करणार तेही लिहावं. आमच्या वर्गात ती पुढच्या वर्षीच्या शेल्यांच्या कापडासाठी ठेवतात. फाटलेले चार-पाच शेले दरवर्षी बदलावे लागतातच.